डोळ्यात अचानक चमक आणि नवे ठिपके: या चुका टाळा

मी नेत्रतपासनीस आहे. डोळ्यात थेंब घालून पेशंटला बसवायचं आणि पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवायचं, यात माझा दिवस जातो. गेल्या वर्षी शुक्रवारी संध्याकाळी आलेल्या एका काकूंची गोष्ट सांगते, कारण नेहमी होणाऱ्या बहुतेक चुका त्यांनी एकट्यांनी केल्या होत्या.

वय अठ्ठावन्न, लहानपणापासून उणे सहाचा चष्मा. मंगळवारी रात्री अंधारात बाथरूमकडे जाताना उजव्या डोळ्याच्या कडेला, कानाच्या बाजूला, विजेसारखी कमान चमकली. मान वळवली की पुन्हा चमके. बुधवारी सकाळी चहा पिताना समोरच्या भिंतीवर एक केस आणि मिरपूड उधळावी तसे ठिपके दिसले. त्यांनी चष्मा पुसला, मग भिंतही पुसली.

पहिली चूक इथेच झाली. कुठल्या डोळ्यात दिसतंय हे त्यांनी पाहिलंच नाही. एकेक डोळा तळहाताने झाकून बघायला अर्धं मिनिट लागतं. अर्धशिशीतली नागमोडी चमक सहसा कोणताही डोळा झाकला तरी दिसते आणि बहुधा वीस-तीस मिनिटांत विरते. एकाच डोळ्यात क्षणभर चमकून पुन्हा पुन्हा येणारी चमक मात्र त्या डोळ्याच्या आतून येत असते.

आत काय होतं ते सांगते. डोळा एका पारदर्शक जेलीने भरलेला असतो. पन्नाशीनंतर ती पातळ होऊन आक्रसते आणि मागच्या पडद्यापासून सुटते. जास्त उणे नंबर असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर लवकरही सुटते. सुटताना पडद्याला ओढ बसते. पडद्याला दुखणं कळत नाही, त्याला फक्त प्रकाश कळतो, म्हणून ओढ बसली की चमक दिसते. बहुतेकांची जेली सरळ सुटते आणि पुढे काही होत नाही. पण अशी अचानक तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी साधारण सातांत एकाच्या पडद्याला फाट पडलेली सापडते. तुम्ही त्या सहांतले की सातवे, हे घरी बसून कळत नाही. आम्हालाही नुसतं ऐकून कळत नाही.

बुधवारी दुपारी काकूंनी मेडिकलमधून थेंब आणले. त्यांनी काही बिघडलं नाही, पण एक दिवस गेला. गुरुवारी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला, शेवटची ओळ वाचता आली आणि सगळे निश्चिंत झाले. माझ्या मते ही सगळ्यांत घातक चूक. अक्षरं वाचतो तो पडद्याचा मधला भाग, आणि फाट पडते कडेला. मधला भाग सुटेपर्यंत शेवटची ओळ वाचता येऊ शकते.

शुक्रवारी आल्या त्या स्वतः स्कूटर चालवत, आणि म्हणाल्या, "थेंब नको गं, परत जायचंय." बाहुली मोठी केल्याशिवाय पडद्याची कड नीट दिसत नाही. थेंबांना अर्धा तास लागतो, पुढे चार-सहा तास धूसर दिसतं. म्हणून सोबत कोणीतरी आणा किंवा रिक्षाने या.

डॉक्टरांनी डोक्याला दिवा लावून, डोळा बाहेरून हलकेच दाबत कड तपासली. अकरा वाजण्याच्या जागी घोड्याच्या नालेसारखी फाट होती आणि तिच्यातून पडद्याखाली पाणी नुकतंच शिरू लागलं होतं. तिथेच फाटीभोवती लेसरचे तीन फेरे दिले, दहा-पंधरा मिनिटांत. लेसरने तिथला पडदा चिकटून पक्का व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, तोवर धावपळ आणि जड वजन नको म्हणून सांगितलं.

फाट वर असली की पाणी वजनाने खाली उतरतं आणि पडदा भराभर सुटत जातो. डोळ्यात चित्र उलटं पडतं, त्यामुळे वरचा पडदा सुटला तर सावली खालून चढताना दिसते. काकूंना ती अजून दिसत नव्हती. दिसली असती तर लेसरवर भागलं नसतं: ऑपरेशन, डोळ्यात गॅस, कित्येक दिवस डॉक्टर सांगतील तशी मान, आणि गॅस विरेपर्यंत विमानप्रवास बंद. मधला भाग सुटल्यावर ऑपरेशन चांगलं झालं तरी नजर पूर्वीसारखी होईलच असं नसतं.

म्हणून फोनवर "सोमवारची वेळ द्या" एवढंच म्हणू नका. "एका डोळ्यात कालपासून चमक आणि नवे ठिपके आहेत" असं सांगा, आणि सावली असेल तर तीही. आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीला हे शब्द ऐकले की त्याच दिवशी बोलवायचं, हे माहीत आहे. जिथे पडदा तपासायची सोय नाही, तिथून लगेच जवळच्या मोठ्या नेत्ररुग्णालयात जा.

आणखी एक चूक फाट न सापडलेले लोक करतात. "पडदा ठीक आहे" ऐकलं की चार-सहा आठवड्यांची फेरतपासणी चुकवतात. जेली अजून सुटत असेल तर नवी फाट नंतरही पडू शकते. मध्येच ठिपके वाढले तर तारखेची वाट पाहायची नाही.

काकूंना तो केस अजून दिसतो. भिंत मात्र आता पुसत नाहीत.