एमआरआयचा फोटो कोणत्या सिक्वेन्सचा? ओळखताना या चुका टाळा

गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यांतून मेंदूच्या एमआरआयसाठी पेशंट चंद्रपूरला नाहीतर नागपूरला जातो. रिपोर्ट मागाहून मिळतो, पण फिल्म त्याच दिवशी पिशवीत घालून घरी येते. मग गावातल्या कोणाच्या तरी मोबाइलवर त्या फिल्ममधल्या एका चौकोनाचा फोटो काढला जातो आणि ग्रामीण रुग्णालयातल्या ड्युटी डॉक्टरला जातो. कोपऱ्यातली अक्षरं कापली गेलेली असतात. म्हणजे सिक्वेन्स कोणता हे चित्रावरूनच ओळखायचं, आणि घोळ होतो तो बहुतेक वेळा इथेच. हा लेख त्या ड्युटी डॉक्टरसाठी, इंटर्नसाठी आणि एमआरआय नुकतंच शिकू लागलेल्या टेक्निशियनसाठी आहे.

पाणी काळं दिसलं की टी-वन म्हणणं

सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. कॉलेजात पाठ केलेलं असतं, ‘टी-वनमध्ये पाणी काळं, टी-टूमध्ये पाणी पांढरं’. वाक्य बरोबरच आहे, पण त्यात फ्लेअर कुठेच नाही. फ्लेअर हा मुळात टी-टूच्या वळणाचा सिक्वेन्स, फक्त त्यात पाण्याचा सिग्नल मुद्दाम मारलेला असतो. सुरुवातीला एक उलटवणारी पल्स देतात आणि पाण्याचा सिग्नल शून्यावरून जात असतो नेमक्या त्या क्षणी मोजणी सुरू करतात. १.५ टेस्लाच्या मशीनवर ही वाट पाहण्याची वेळ साधारण २००० ते २५०० मिलिसेकंद असते. त्यामुळे व्हेंट्रिकल काळे, सल्कस काळे, आणि बघणारा म्हणतो, टी-वन.

अशा वेळी पाण्यावरून नजर काढायची आणि व्हाइट मॅटर व ग्रे मॅटर एकमेकांशेजारी ठेवून बघायचे. टी-वनमध्ये व्हाइट मॅटर ग्रेपेक्षा उजळ असतं, कारण मायलिनमधल्या चरबीमुळे तिथल्या पाण्याचा टी-वन वेळ कमी होतो. टी-टू आणि फ्लेअर दोन्हींत उलटं: कॉर्टेक्सची पट्टी उजळ, आतलं व्हाइट मॅटर गडद. म्हणजे पाणी काळं आणि व्हाइट उजळ असेल तर टी-वन, पाणी काळं आणि ग्रे उजळ असेल तर फ्लेअर. पाणी पांढरं आणि ग्रे उजळ असेल तर टी-टू.

हे बघायचं कुठे, यालाही महत्त्व आहे. बेसल गँग्लियावर निकाल देऊ नका. ग्लोबस पॅलिडसमध्ये वयाबरोबर लोह साठतं आणि टी-टूमध्ये तो भाग गडद होतो, त्यामुळे ग्रे मॅटर असूनही तो फसवतो. लॅटरल व्हेंट्रिकलच्या थोडं वरची स्लाइस घ्या. तिथे मधोमध व्हाइट मॅटरचा मोठा अखंड पट्टा असतो आणि कडेला कॉर्टेक्सची घडी. दोघांच्या सीमेवर नजर ठेवली की कोण उजळ आहे ते सहज कळतं.

ही चूक झाली की पुढे काय होतं

तिशीतला एक शेतमजूर, धान कापणीच्या दिवसांत बांधावरच झटका आला. दोन-तीन मिनिटं हातपाय ताठ, नंतर अर्धा तास गुंगी. एमआरआय झाला, फिल्म घरी आली, फोटो पुढे गेला. फोटोत उजव्या फ्रंटल भागात पांढरा डाग, व्हेंट्रिकल काळे. फोटो बघणाऱ्याने टी-वन समजून ‘रक्त दिसतंय’ असं कळवलं. टी-वनमध्ये मेंदूत पांढरं दिसणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात: काही दिवस जुनं रक्त, चरबी, प्रथिनांनी दाट झालेलं द्रव, मेलॅनिन. त्यामुळे त्या चुकीच्या गृहीतकावर तो निष्कर्ष तर्काने बरोबरच होता. संध्याकाळी मोठा भाऊ फिल्म घेऊन आला आणि दारातूनच विचारू लागला, “डाक्टर साहेब, डोक्यात रगत झालं म्हंतेत, खरं हाय का जी?”

फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावली आणि तोच चौकोन शोधला. पाणी काळं होतं, पण कॉर्टेक्सची पट्टी आतल्या व्हाइट मॅटरपेक्षा स्पष्ट उजळ होती. म्हणजे फ्लेअर. मग तो डाग जवळून पाहिला. तो कॉर्टेक्समध्ये शिरत नव्हता, व्हाइट मॅटरच्या आत बोटांसारखा पसरला होता आणि त्याच्या एका टोकाला बारीक गोल काळा ठिपका होता. फ्लेअरमध्ये अशा पसरलेल्या पांढऱ्याचा अर्थ बहुधा सूज.

पडताळा घ्यायला त्याच फिल्मवर खरा टी-वन शोधला. त्यात व्हाइट मॅटर उजळ आणि तोच भाग शेजारच्यापेक्षा किंचित गडद होता. तसं जुनं रक्त असतं तर तो इथे उजळ दिसला असता. टी-टूमध्ये तोच भाग पांढरा. तिन्ही चित्रं एकमेकांशी जुळली: पाणी वाढलेला, सुजलेला व्हाइट मॅटर आणि त्याच्या टोकाला छोटी गाठ. कॉन्ट्रास्टनंतरच्या चित्रात त्या ठिपक्याभोवती पातळ कडं उजळलं होतं. भावाला सांगितलं, “रक्त नाही दिसत दादा, सूज आहे. सूज कशाची ते रिपोर्टमध्ये येईल, तोवर झटक्याच्या गोळ्या एकही चुकवू नका.” अशा वयात, अशा छोट्या कड्याच्या गाठीसाठी न्यूरोसिस्टिसर्कोसिस आणि ट्यूबरक्युलोमा ही दोन नावं आपल्याकडे आधी डोळ्यांपुढे येतात. त्यांतून निवड करणं रेडिऑलॉजिस्टचं आणि न्यूरोचं काम. सिक्वेन्स ओळखला म्हणजे निदान झालं असं नाही, पण सिक्वेन्स चुकला तर निदानाची दिशाच बदलते, आणि घरच्यांना रात्रभर रक्तस्रावाची धास्ती राहते.

चरबी पांढरी म्हणून टी-वन ठरवणं

जुन्या पुस्तकांत टी-टूमध्ये चरबी गडद असं वाचायला मिळतं. आज मेंदूचा टी-टू बहुतेक ठिकाणी फास्ट स्पिन एकोने घेतात. त्यात पाठोपाठ येणाऱ्या पल्समुळे चरबीचा सिग्नल टिकून राहतो, आणि टाळूखालची चरबी टी-टूमध्येही पांढरीच दिसते. म्हणून टी-वन की टी-टू याचा निकाल चरबीवरून लागत नाही.

चरबीचा उपयोग दुसऱ्या प्रश्नासाठी आहे: ती मुद्दाम दाबली आहे का? टाळूखालचा पट्टा आणि डोळ्याच्या खोबणीतली चरबी पहा. दोन्ही काळी असतील तर फॅट सॅचुरेशन लावलेलं आहे. मला यासाठी डोळ्यांच्या पातळीची स्लाइस सर्वांत आवडते. बुबुळामागचं द्रव पाण्याचा पुरावा देतं आणि त्याला लागूनच मागे चरबी असते, म्हणजे दोन उत्तरं एकाच जागी मिळतात. फ्लेअरलाही बऱ्याच सेंटरवर फॅट सॅचुरेशन लावतात, त्यामुळे चरबी काळी दिसली म्हणून गोंधळू नका.

याच स्लाइसवर कॉन्ट्रास्टचाही तपास होतो. चरबी काळी, पाणी काळं, व्हाइट मॅटर उजळ, आणि नाकातली अस्तरत्वचा चकचकीत पांढरी असेल तर तो बहुधा कॉन्ट्रास्ट दिलेला टी-वन. शिरांचे सायनस आणि पिट्युटरीचा देठही उजळलेला असेल तर खात्री धरा. नुसती नाकाची अस्तरत्वचा पांढरी असेल तर थांबा, कारण टी-टूमध्येही ती पांढरीच असते. आधी पाणी, मग बाकी.

फ्लेअरमध्ये पाणी पांढरं दिसलं म्हणून टी-टू म्हणणं

फ्लेअरमध्ये पाणी सगळीकडे सारखं काळं होतंच असं नाही. चौथ्या व्हेंट्रिकलमध्ये आणि मेंदूच्या तळाच्या सिस्टर्नमध्ये पाणी नाडीबरोबर हलतं. उलटवणारी पल्स न लागलेलं ताजं पाणी स्लाइसमध्ये शिरलं की तिथे पांढरे ढग दिसतात. पेशंटला जास्त ऑक्सिजन सुरू असेल तर सल्कसमधलं पाणीही उजळू शकतं. दातातल्या धातूजवळही दाब नीट बसत नाही. मात्र सल्कसमध्ये खरोखर रक्त किंवा मेनिंजायटिस असेल तरी फ्लेअरमध्ये असंच पांढरं दिसतं, म्हणून ‘आर्टिफॅक्ट असेल’ म्हणून सोडून देऊ नका. सिक्वेन्स ठरवण्यापुरतं लॅटरल व्हेंट्रिकलच्या मधल्या भागाकडे पहा. तिथलं पाणी काळं असेल तर तो फ्लेअरच, आणि मग सल्कसमधलं पांढरं का, हा वेगळा प्रश्न रेडिऑलॉजिस्टला विचारायचा.

डिफ्यूजनला खराब फ्लेअर समजणं

चित्र भरड, नाकाजवळ आणि कानामागच्या हाडाजवळ ओढल्यासारखं वेडंवाकडं, पाणी काळं, टाळूखालची चरबीही नाहीशी: हा डिफ्यूजन. त्याच्या जोडीला तितकंच भरड पण पाणी पांढरं असलेलं चित्र असेल तर तो एडीसी नकाशा. ताजा इन्फार्क्ट पहिल्यात पांढरा आणि दुसऱ्यात काळा दिसतो. एकटा डिफ्यूजन पाहून काही ठरवू नका, कारण टी-टूचा उजेडही त्यात झिरपतो.

लहान बाळाला मोठ्यांचा नियम लावणं

नवजात बाळाच्या मेंदूत मायलिन अजून पुरतं तयार झालेलं नसतं, म्हणून व्हाइट आणि ग्रेचा क्रम उलटा असतो. टी-वनमध्ये ग्रे उजळ, टी-टूमध्ये व्हाइट उजळ. टी-वनचं चित्र साधारण वर्षभरात मोठ्यांसारखं होतं, टी-टूला दोन वर्षांपर्यंत वेळ लागतो, आणि मधल्या काही महिन्यांत दोन्ही जवळपास सारखेच करडे दिसतात. या वयात व्हाइट मॅटरवर विसंबू नका. डोळ्यातलं आणि व्हेंट्रिकलमधलं पाणी पहा आणि कोपऱ्यातले आकडे मागवा.

एकाच चौकोनावर आणि मोबाइलच्या उजेडावर विश्वास ठेवणं

मोबाइल कॅमेरा उजेड स्वतःच कमीजास्त करतो. ट्यूबलाइटसमोर धरलेल्या फिल्मचा फोटो अख्खा करडा येतो, खिडकीसमोरचा कडक काळा-पांढरा. म्हणून ‘हे फार पांढरं आहे’ असं म्हणून काही कळत नाही, एकाच चित्रातली दोन शेजारची ठिकाणं तोलूनच कळतं.

फोटो पाठवणाऱ्याला सांगायचं ते एवढंच: फ्लॅश बंद, आधी पूर्ण फिल्मचा एक फोटो, मग हव्या त्या चौकोनाचा कोपऱ्यातल्या अक्षरांसकट एक. डावी-उजवीची खूण दिसली पाहिजे, कारण उलटी धरलेली फिल्म बाजू बदलते. अक्षरं वाचता आली तर काम सोपं होतं. TR काहीशे आणि TE दहा-पंधरा मिलिसेकंद असेल तर टी-वन. TR काही हजार आणि TE शंभरच्या आसपास असेल तर टी-टू, आणि त्यासोबत TI दोन हजारांच्या वर लिहिला असेल तर फ्लेअर. नुसत्या नावावर मात्र जाऊ नका. ३ टेस्लाच्या काही मशीनवर टी-वनही उलटवणाऱ्या पल्सने घेतात आणि फिल्मवर ‘T1 FLAIR’ असं छापून येतं. त्यात TI हजाराच्या आत असतो आणि व्हाइट मॅटर उजळ दिसतं, म्हणजे वाचताना तो टी-वनच धरायचा.