अंगठा म्हणजे ‘पाहिलं’ की ‘येतो’?

लोअर परळच्या एका इंटिरियर फर्ममध्ये साइट व्हिजिट जुळवणं हे माझं रोजचं काम. आर्किटेक्ट, कॉन्ट्रॅक्टर, इलेक्ट्रिशियन आणि क्लायंट एकाच वेळी एका जागी हवेत, आणि ते सगळं ठरतं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. या कामात नवीन आलेल्यांना वाटतं, ऑफिसचं काम आहे म्हणजे इमोजी नकोच. तसं काही नाही. कोरडा मेसेज कॉन्ट्रॅक्टरला दम दिल्यासारखा वाटतो. फक्त वेळ आणि जागा इमोजीच्या भरवशावर सोडायची नाही.

मरोळच्या साइटचं उदाहरण घ्या. ‘गुरु ४ ला भेटू या साइटवर 🙌📅🕓’ असा मेसेज दिसायला छान, पण 📅 मध्ये एक तारीख छापलेली असते. आयफोनवर ती १७ जुलै दिसते आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये २४ फेब्रुवारी. घाईत वाचणारा तिथेच अडखळतो. घड्याळाच्या चित्रात सकाळ-दुपार कळत नाही, आणि छोट्या स्क्रीनवर चार आणि आठ सारखेच दिसतात. म्हणून मी असं लिहिते:

‘गुरुवार, १२ जून, दुपारी ४ ते ५. मरोळ साइट, तिसरा मजला. विषय: फॉल्स सीलिंगच्या आतलं वायरिंग. पाऊस असला तरी व्हिजिट आहे.’

त्याखाली वेगळ्या मेसेजमध्ये ‘चहा माझ्याकडून 😊’. पहिला मेसेज कुणीही जसाच्या तसा फॉरवर्ड करू शकतो. दुसऱ्याने ग्रुपचं वातावरण हलकं राहतं.

आता उत्तरं येतात, आणि खरी गंमत इथे आहे. आर्किटेक्टचा 👍. कॉन्ट्रॅक्टरचा 🙏. क्लायंट लिहितात ‘नोटेड 😊’. इलेक्ट्रिशियन लिहितो, ‘हो मॅडम, ४ ला येतो’. चौघांत पक्कं उत्तर एकच आहे, इलेक्ट्रिशियनचं. 👍 म्हणजे वाचलं, 🙏 म्हणजे नमस्कार, धन्यवाद किंवा ‘माफ करा, जमणार नाही’, आणि ‘नोटेड’ म्हणजे लिहून घेतलं, बास. कॉन्ट्रॅक्टरला मी फोन केला. ‘दादा, चारला पोचताय ना?’ तर म्हणाले, ‘अहो, चारला माझा टेम्पो खाली होतोय, पाचशिवाय कसा येऊ?’

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एका शेतकऱ्याला अळशीच्या कराराचा फोटो मेसेजवर आला आणि त्याने 👍 पाठवला. तो म्हणाला, मला एवढंच सांगायचं होतं की करार मिळाला. २०२३ मध्ये कोर्टाने तो अंगठा सही मानला आणि त्याला सुमारे ८२,००० कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला लावली. आपल्या व्हिजिटवर कुणी कोर्टात जाणार नाही. पण एकाच अंगठ्याचे दोन अर्थ दोन माणसं अगदी प्रामाणिकपणे काढू शकतात, हे त्यातून दिसतं.

यावर माझा साधा उपाय आहे. प्रश्नच असा विचारायचा, की अंगठ्याने उत्तर देता येणार नाही. ‘चारला चालेल ना?’ याला 👍 येतो. ‘४ की ५? आकडा टाका’ याला आकडाच टाकावा लागतो. 👍 आलाच तर ‘दादा, ४ की ५? 😄’ असं परत विचारते. तिथे हसरा चेहरा खरंच उपयोगी पडतो, कारण पाठपुरावा टोचत नाही.

वेळ बदलली तर जुना मेसेज एडिट करू नका. एडिटचं नवं नोटिफिकेशन जात नाही. ज्याने आधी ‘४’ वाचून फोन खिशात टाकला, तो चारलाच मरोळला येऊन उभा राहणार. नवा मेसेज टाका आणि पहिला शब्द ‘बदल’ ठेवा: ‘बदल: १२ जूनची मरोळ व्हिजिट ४ ऐवजी ५ वाजता.’ रद्द असेल तर पहिला शब्द ‘रद्द’, आणि त्या मेसेजमध्ये एकही इमोजी नको. 😔 सुद्धा नको. क्लायंटचा दिवस वाया गेलेला असतो.

शॉर्टफॉर्ममध्ये ‘ईओडी’, म्हणजे ‘दिवस संपेपर्यंत’, मी वापरतच नाही. अकाउंट्सवाल्यांचा दिवस सहाला संपतो, आमच्या डिझायनरांचा रात्री अकराला. ‘संध्या. ६ पर्यंत’ लिहायला किती वेळ लागतो? ‘टेंट.’ म्हणजे टेंटेटिव्ह, अजून पक्कं नाही. ते चालतं, पण सोबत पक्कं कधी कळेल ते हवं: ‘शुक्र. ११ वा. टेंट., उद्या दुपारी २ पर्यंत पक्कं सांगते’. आणि ‘दहा मिनिटांत पोचतो’ असं कुणी लिहिलं, तर मी विचारते, ‘आत्ता कुठल्या स्टेशनवर आहात?’ दादर म्हणाले, की क्लायंटला साडेचार सांगून टाकते.

नव्या क्लायंटशी सुरुवातीला मी इमोजी टाकत नाही. त्यांच्याकडून पहिला 😊 आला, की माझ्याकडूनही एक जातो, त्यांच्यापेक्षा जास्त नाही.