सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, हे न्याय्य का? परीक्षेसाठी संवाद असा लिहा

राज्यशास्त्राच्या पेपरात दोन विद्यार्थ्यांचा संवाद लिहायला आला की बरीच मुले पाठ केलेले फायदे-तोटे दोघांच्या तोंडी वाटून टाकतात. तो वाद होत नाही. आधी एक निकाल निवडा आणि दोघांना त्यावरच भांडू द्या. गोव्यातल्या मुलांसाठी २०१७ ची विधानसभा उत्तम. त्या वेळी भाजपला सुमारे ३२.५ टक्के मते आणि १३ जागा मिळाल्या, काँग्रेसला सुमारे २८.४ टक्के मते आणि १७ जागा.

सुरुवात थेट आरोपाने करा.

मेधा : जास्त मतं एकाला, जास्त जागा दुसऱ्याला. हा कसला न्याय?

सोहम : अगं, राज्यभरची मतं एकत्र मोजतच नाहीत. चाळीस मतदारसंघ म्हणजे चाळीस वेगळ्या निवडणुका.

आता हे असे का घडते, ते आकड्यांनी दाखवा. गुण इथेच मिळतात. तीन मतदारसंघ धरा. पहिल्यात 'अ' पक्षाला ९,००० आणि 'ब' पक्षाला ३,००० मते. उरलेल्या दोन्हींत 'अ'ला ४,००० आणि 'ब'ला ५,०००. बेरीज केली तर 'अ' १७,०००, 'ब' १३,०००. पण जागा मात्र 'अ'ला एक आणि 'ब'ला दोन. 'अ'ची मते एका जागी गरजेपेक्षा जास्त साचली, बाकी दोन जागी थोडक्यात वाया गेली. हे गणित मेधाच्या तोंडी द्या, आणि सोहमला त्यावर खरे उत्तर द्या:

सोहम : पण रस्ता खचला तर आपण आपल्या आमदाराच्या दारात जातो. नुसत्या पक्षाच्या यादीतून निवडून आलेल्याला कुठे शोधणार?

गोव्यातले मतदारसंघ लहान आहेत, आमदार नावानिशी ओळखीचा असतो. म्हणून हा मुद्दा इथे वजनदार ठरतो.

पेपर तपासताना एक चूक मला हमखास दिसते. 'काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष असूनही सरकार भाजपचे आले, म्हणून ही मतदान पद्धत अन्यायकारक,' असे मुले लिहितात. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चाळीसपैकी १७ म्हणजे बहुमत नव्हे, त्याला २१ लागतात. मनोहर पर्रीकरांनी निकालानंतर इतर पक्ष आणि अपक्षांचा पाठिंबा मिळवला. ती आघाडीची गोष्ट झाली, मतमोजणीची नव्हे. उलट याच निकालाने सोहमचा दुसरा आवडता मुद्दा, म्हणजे 'या पद्धतीने स्थिर बहुमत मिळते', लंगडा पडतो. मेधाला तो जरूर पकडू द्या.

शेवटी 'दोघांचेही बरोबर' असे लिहून सुटका करून घेऊ नका. एकाला थोडे सरकू द्या.

सोहम : बरं, मतं वाया जातात हे मान्य. पण माझा आमदार मला हवाच.

मेधा : मग जर्मनीसारखं करू. तिथे मतदार दोन मतं देतो, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि दुसरं पक्षाला.