रहिवाशांच्या सभेला निघण्याआधी: पाण्याची वही घेतली का?

खोल खोदकामाच्या खड्ड्याजवळच्या घरांना तडे गेले की ही सभा भरते. माइक, प्रोजेक्टर, खुर्च्या हे सोसायटीवाले बघतात. नकाशा न्या आणि त्यावर प्रत्येक इमारतीचं खड्ड्यापासूनचं अंतर ठळक लिहा, शेवटच्या रांगेतल्या आजोबांना वाचता यायला हवं. आणि पाणीपातळीची वही. खड्ड्याभोवतीच्या निरीक्षण बोअरमध्ये आणि चाळीच्या जुन्या विहिरीत पाणी किती खोल होतं, त्याच्या तारीखवार नोंदी. मागच्या वेळी नेमकी हीच ऑफिसात राहिली आणि सभा दुसऱ्या प्रश्नालाच बसली. ती आत्ता पिशवीत टाका, मग पुढचं वाचा.

तो प्रश्न ठरलेला असतो: "खड्ड्याला खेटून असलेल्या चाळीला काही झालं नाही, आणि साठ मीटरवर आमच्या भिंती तडकल्या, हे कसं?" खोदताना खड्ड्याच्या कडेची आधाराची भिंत किंचित आत झुकते आणि तिच्यामागची जमीन खचते, एवढं सगळेच सांगतात. पण त्याचा परिणाम मऊ मातीतही साधारण खोलीच्या दोन-तीन पट अंतरापर्यंतच जातो. खड्डा 15 मीटर खोल असेल तर 30 ते 45 मीटर. मग साठ मीटरवर काय झालं? उत्तर पंपांकडे आहे, आणि पुरावा त्या वहीत.

खड्डा कोरडा ठेवायला रात्रंदिवस उपसा चालतो आणि भोवतालचं भूजल उतरतं, भिंतीच्या परिणामापेक्षा कितीतरी लांबपर्यंत. मुंबईत बऱ्याच ठिकाणी वर भरणी आणि खाली खाडीचा चिखल आहे. चिखलावरच्या ओझ्याचा काही भाग आतलं पाणी पेलत असतं. पाणी एक मीटर उतरलं की मातीच्या कणांवर दर चौरस मीटरला सुमारे एक टन भार वाढतो. फळ्यावर हिशेब मांडा: चिखलाचा थर 4 मीटर, पाणी 2 मीटर उतरलं, म्हणजे दोन टन; असा मऊ थर कालांतराने 40 मिलिमीटरच्या आसपास दबू शकतो. सगळी इमारत सारखी बसली असती तर तडे फारसे गेले नसते. पण एका टोकाखाली चिखल आणि 15 मीटरवरच्या दुसऱ्या टोकाखाली मुरूम असेल, तर तो सगळा फरक एकाच भिंतीला सोसावा लागतो, आणि विटांच्या भारवाहू भिंतीला तो झेपत नाही. खेटून असलेली चाळ मुरुमावर उभी आहे, म्हणून ती शाबूत. हे तोंडी सांगून कुणी मानत नाही. वही उघडून पंप सुरू झाल्याची तारीख, पाणी उतरल्याच्या तारखा आणि तडे दिसल्याची तारीख एका ओळीत दाखवावी लागते.

वहीत दोन गोष्टी आधी तपासा. समुद्राजवळ भरती-ओहोटीने पातळी वरखाली होते, म्हणून नोंदीसमोर वेळ हवी. आणि खोदकामाआधीच्या नोंदी हव्यात, त्याही उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या वेगळ्या. जुलैत पाणी आपसूक चढतं आणि उपशाने झालेली घट झाकली जाते. आधीच्या नोंदीच नसतील तर सभेत स्वतःहून कबूल करा. लपवलंत तर मागच्या रांगेतून कुणीतरी काढतोच.

भिजवलेला स्पंज आणि वीट न्या. विटेखाली पाणी हळूहळू निथळतं, तसंच चिखलातूनही, फक्त तिथे महिने, कधी वर्षंही लागतात. "खोदकाम थांबलं तरी तडे का वाढतात?" याचं उत्तर हेच. वीट उचलली की स्पंज फुगतो, चिखल मात्र जवळपास दबलेलाच राहतो, हेही सांगा, नाहीतर पाणी परत चढलं की भिंत जुळेल अशी आशा लोक धरून बसतात.

तड्यांचे फोटो तिथल्याच घरांचे हवेत, शेजारी पट्टी धरून काढलेले. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला तिरका, ताज्या कडांचा तडा जमीन असमान बसल्याचा असू शकतो. स्लॅबला सळईच्या रेषेत गेलेला, गंजाचा डाग असलेला तडा गंजलेल्या सळईचा. तो खोदकामाच्या खात्यावर टाकू नका. आत काजळी किंवा जुना रंग असेल तर तडा आधीचा. एकाच घरात तिन्ही सापडतात, तेव्हा मावशींसमोर सरसकट "सगळे जुनेच" म्हणू नका. सभा उधळते.

तड्यांवर आडव्या काचपट्ट्या चिकटवा, तारीख घालून; तडा वाढला की त्या फुटतात. त्या फुटायच्या थांबेपर्यंत कुणी तडे बुजवू नयेत. दार अडकू लागलं, तडा बोटभर रुंद झाला किंवा छताला टेकू द्यावा लागेल असं वाटलं, तर सभेची वाट न बघता कळवायचं, नंबर फळ्यावर लिहा. भरपाईचा आकडा तोंडून काढू नका. हजेरीचा कागद, पेन.

आणि वही. तिची एक प्रत सोसायटीसाठी, झेरॉक्स आदल्या दिवशीच काढा, रविवारी दुकान बंद असतं.