कोअरएक्सवाय घेण्याआधी जुन्या प्रिंटरवर काय काय तपासायचं

नवा कोअरएक्सवाय, म्हणजे बेड पुढे-मागे न नाचवता हेडच दोन्ही दिशांना हलवणारा थ्रीडी प्रिंटर, घ्यायचं मनात आलं की आधी जुन्या बेडस्लिंगरवर, म्हणजे बेड पुढे-मागे हलणाऱ्या मशीनवर, नेहमीचं काम लावा आणि दहा मिनिटं शेजारी बसून बघा. नोझल कधी पूर्ण वेगात धावतंय का, की सुटतंय न सुटतंय तोच त्याला थांबावं लागतंय? माझ्याकडे मूळ फर्मवेअरचा एंडर-३ होता आणि गणपतीच्या आधी मखराच्या पाइपांचे सांधे छापायचे होते, प्रत्येक बाजू साधारण ३० मिमी. स्लायसरमध्ये वेग १०० वरून २०० केला, तरी वेळ जवळजवळ तेवढाच राहिला. मला वाटलं, मशीनच म्हातारं झालं.

दोष होता प्रवेगाचा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेशनचा. त्या फर्मवेअरमध्ये तो ५०० मिमी/सेकंद² असतो. शून्यापासून १०० मिमी/सेकंद वेग गाठायलाच १० मिमी जातात आणि थांबायला आणखी १०. तीस मिमीच्या रेघेत पूर्ण वेग मिळतो तो मधल्या १० मिमीपुरता, आणि ती रेघ अर्ध्या सेकंदात होते. वेग २०० मागितला तर नोझल जेमतेम १२२ पर्यंत पोचतं आणि लगेच थांबायला लागतं; वेळ लागतो ०.४९ सेकंद. म्हणजे दुप्पट वेगाची कमाई सेकंदाचा शंभरावा भाग. उलट वेग १०० च ठेवून प्रवेग १५०० केला, तर तीच रेघ ०.३७ सेकंदात होते. तुमचं काम लहान तुकड्यांचं असेल, तर जाहिरातीतल्या वेगाच्या आकड्याकडे बघूच नका, प्रवेगाचा आकडा बघा.

तो वाढवून पाहायला पैसे लागत नाहीत. मार्लिन फर्मवेअर असेल तर एवढं पाठवा:

```
M201 X1500 Y1500
M204 P1500 T1500
```

`M500` दिलं नाही तर प्रिंटर बंद केल्यावर जुने आकडे परत येतात, त्यामुळे भीती नाही. फक्त स्लायसर स्वतःचे प्रवेग फाइलमध्ये लिहीत असेल तर ते बंद करा, नाहीतर तुमच्या आकड्यांवर तो बोळा फिरवेल.

आता एक साधा पोकळ चौकोनी डबा छापा आणि कोपऱ्यानंतर भिंतीवर लाटा उठतात का ते उजेडात तिरपं धरून पाहा. कुठल्या भिंतीवर लाटा आहेत याची नोंद ठेवा, कारण दोन मशीनमधला खरा फरक इथे कळतो. समोरच्या आणि मागच्या भिंतीवरच्या लाटा बेडच्या हादऱ्याच्या असतात, डाव्या-उजव्या भिंतीवरच्या हेडच्या. सगळीकडे सारख्याच असतील तर बेडच्या वजनाला दोष देऊ नका. आधी बेल्ट आणि चाकांचा ढिलेपणा पाहा. फक्त पुढे-मागे असतील तर बेड जड होतोय. माझ्या बेडवर ४ मिमी जाडीची काच होती. २३५ बाय २३५ची ती काच सुमारे ५५० ग्रॅम भरते, आणि तिच्याखालची ३ मिमीची अ‍ॅल्युमिनियम प्लेट ४५० ग्रॅमच्या आत. म्हणजे प्लेटपेक्षा काचच जड, आणि ती मी वर्षभर पुढे-मागे नाचवत होतो! काच काढून पातळ स्टीलचा पीईआय पत्रा बसवला आणि लाटा निम्म्याहून कमी झाल्या. सव्वासहा तासांची प्लेट पाच तासांवर आली.

पुढची तपासणी प्लास्टिक वितळवणाऱ्या हॉटएंडची. ०.२ मिमी लेयर आणि ०.४५ मिमी रुंदीची रेघ १०० च्या वेगाने काढायला दर सेकंदाला ९ घन मिमी प्लास्टिक वितळावं लागतं, २०० ला १८. नोझल २१० अंशांवर तापवून ते हवेत उंच धरा, फिलामेंटवर एक्सट्रूडरच्या तोंडापासून १२० मिमीवर खूण करा आणि हे चालवा:

```
M83
G1 E100 F250
```

१.७५ मिमी फिलामेंटसाठी हा वेग सेकंदाला १० घन मिमी होतो. खूण २० मिमीवर येऊन थांबली तर ठीक. ती मागे राहिली किंवा एक्सट्रूडर टकटक करू लागला, तर त्या हॉटएंडची ताकद तिथे संपली. कोअरएक्सवायवर दिसणारा पुष्कळसा वेग असा मोठ्या हॉटएंडचा आणि जोरदार पंख्यांचा असतो, आणि श्रेय मात्र फ्रेमला मिळतं. छोटा एकच तुकडा छापत असाल तर आणखी एक गंमत: लेयर थंड व्हायला स्लायसर काही सेकंद राखून ठेवतो, त्यामुळे कुठल्याही मशीनवर तो हळूच छापला जातो. तुलना भरलेल्या प्लेटवरच करा.

आवाजाचं तसंच. मोटरी थांबलेल्या असताना `M106 S255` देऊन नुसता पंखा ऐका. रात्री झोपमोड त्याचीच होत असेल तर फ्रेम बदलून शांतता मिळणार नाही. बंद पेटीतल्या वेगवान मशीनला पंखे जास्तच असतात आणि पूर्ण वेगात ते चांगलेच घुमतात. मोटरींचा किणकिणाट असेल तर जुन्या बोर्डाजागी टीएमसी ड्रायव्हरचा बोर्ड बसवून तो बराच जातो. कोअरएक्सवायचा खरा फायदा तिसऱ्या आवाजात आहे. जड बेडचा धक्का टेबलातून फरशीत उतरतो आणि खालच्या मजल्यावर ढुमढुम ऐकू जाते. तो धक्का मशीन बदलून कमी होतो. पण त्याआधी शहाबादी फरशीचा तुकडा फोमवर ठेवून त्यावर प्रिंटर उभा करून पाहा.

जुळवणीचा हिशेब मात्र प्रामाणिकपणे करा. बेडस्लिंगरमध्ये एक बेल्ट एका दिशेचा, त्यामुळे बिघाड कुठे आहे ते लगेच कळतं. कोअरएक्सवायमध्ये दोन लांब बेल्ट मिळून हेड हलवतात: दोन्ही मोटरी एका दिशेने फिरल्या तर हेड आडवं जातं, उलट फिरल्या तर पुढे-मागे, आणि नेमक्या तिरक्या रेघेत एकच मोटर फिरते. एक बेल्ट जास्त ताणला गेला तर आडवा दांडा तिरका ओढला जातो. १०० मिमीचा चौकोन छापून दोन्ही कर्ण मोजा, १४१.४ च्या आसपास असले तरी एकमेकांशी जुळले नाहीत तर चौकोन तिरका आहे. व्होरॉनसारखं किट स्वतः जोडणार असाल तर याला एक-दोन शनिवार-रविवार धरा. जोडून येणारी बरीच मशीन कंपनांची जुळवणी स्वतःच करतात.

एकदा यांत्रिक भाग सरळ झाला की मात्र कोअरएक्सवायच सोपा. क्लिपर फर्मवेअरवर कंपनं मोजायची तर सेन्सर हेडवर एकदा बसवला की दोन्ही दिशा होतात. बेडस्लिंगरमध्ये तो हेडवरून काढून बेडवर लावावा लागतो. शिवाय बेडवर छपाई वाढत जाते तसं वजन बदलतं, म्हणून रिकाम्या बेडवर काढलेला आकडा शेवटच्या तासाला तितका अचूक राहत नाही.

जागाही मोजून घ्या. बेडस्लिंगरला पुढे-मागे जवळपास दोन बेडइतकी खोली लागते. पेटीवाल्याला कमी, पण वरचं झाकण उघडायला जागा ठेवा. मे महिन्यात बंद पेटीत पीएलए छापताना दार उघडं ठेवावं लागतं, नाहीतर फिलामेंट नोझलपर्यंत पोचण्याआधीच मऊ पडून अडकतं.

सांधे मी अजून जुन्यावरच छापतो. कोअरएक्सवाय घेतला तो समईच्या उंच, बारीक खांबांसाठी. दोनशे मिमी उंचीला बेड हलला की खांबाचा शेंडा लवायचा आणि वरचे लेयर सरकायचे. नव्या मशीनवर बेड फक्त खाली उतरतो, खांब जागेवर उभा राहतो.