बदलीचा भरवसा नाही, तर चिपळुणात गाडी मासिक भाड्याने घ्यावी की विकत?

लोटे परशुरामच्या एमआयडीसीत नवी नोकरी लागली आहे, बिऱ्हाड चिपळुणात केलं आहे आणि वर्षा-दोन वर्षांत कंपनी पुण्याला पाठवेल की इथेच ठेवेल, याचा पत्ता नाही. अशा माणसाला आता गाडीचं सबस्क्रिप्शन दिसतं: महिन्याला एक रक्कम भरा, विमा आणि सर्व्हिसिंग त्यातच, नको झाली की गाडी परत. ते परवडतं का, हे पाहण्यासाठी हिशेब या क्रमाने मांडा.

आधी महिने ठरवा

शहर कोणतं, याचं उत्तर तुमच्याकडे नाहीच. ते शोधत बसू नका. निदान किती महिने इथे नक्की राहाल आणि जास्तीत जास्त किती, हे दोन आकडे लिहा. आपल्या उदाहरणात ते 12 आणि 24 धरू. पुढचं सगळं या दोन आकड्यांवर चालतं.

मग किलोमीटर मोजा

सबस्क्रिप्शनमध्ये वर्षाच्या किलोमीटरची मर्यादा असते, आणि कोकणात राहणाऱ्याचा अंदाज इथेच चुकतो. चिपळूण ते लोटे जाऊन-येऊन साधारण 35 किलोमीटर, महिन्याला 25 दिवस म्हणजे 875. महिन्यातून एकदा मुंबईला घरी, जाऊन-येऊन 500. बाजारहाट आणि मामाचं गाव मिळून 100. एकूण 1,475, म्हणजे वर्षाला 17,700. स्वस्त दिसणारा प्लॅन 12,000 किलोमीटरचा असेल आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरला 8 रुपये असतील, तर वर्षाला 45,600 रुपये जादा, म्हणजे महिन्याला 3,800. हा खर्च जाहिरातीतल्या रकमेत दिसत नाही. म्हणून दर विचारतानाच 18,000 किलोमीटरचा प्लॅन मागा.

विकत घेतलेल्या गाडीचा खरा खर्च

बहुतेक जण भाड्याची तुलना कर्जाच्या हप्त्याशी करतात. ती चुकीची आहे, कारण हप्त्याचा काही भाग गाडीच्या रूपाने तुमच्याकडेच राहतो. पाहायचं ते इतकंच: घेताना किती गेले, विकताना किती आले आणि मध्ये किती खर्च झाला.

समजा पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम किंमत 7,50,000. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स 11 टक्के, म्हणजे 82,500. विमा आणि पासिंग मिळून 47,500 धरा. ऑन-रोड 8,80,000. गाडी विकताना टॅक्स आणि विम्याचे पैसे वेगळे कोणी देत नाही, म्हणून पहिल्या वर्षाचा फटका सगळ्यात मोठा. खालचे विक्रीचे भाव अंदाजाचे आहेत. तुमच्या मॉडेलचे भाव गाड्यांच्या डीलरकडून काढा.

12 महिन्यांनी गाडी 6,40,000 ला गेली तर तोटा 2,40,000. सर्व्हिसिंग 5,000 आणि अडकलेल्या पैशांचं व्याज साधारण 60,000. एकूण 3,05,000.

24 महिन्यांनी 5,70,000 आले तर तोटा 3,10,000. दुसऱ्या वर्षाचा विमा 15,000, सर्व्हिसिंग 13,000, व्याज 1,20,000. एकूण 4,58,000.

आता सबस्क्रिप्शन. जीएसटी धरून महिना 22,000 असेल, तर 12 महिन्यांचे 2,64,000 आणि 24 महिन्यांचे 5,28,000. वर्षभरातच निघालात तर भाडं स्वस्त, दोन वर्षं राहिलात तर स्वतःची गाडी स्वस्त. दोन्ही खर्चांच्या रेषा साधारण 16-17 महिन्यांपाशी एकमेकींना छेदतात. मघाचे 3,800 मिळवले, तर 12 महिन्यांचं भाडंही 3,09,600 होतं आणि फायदा पहिल्याच वर्षी संपतो.

करार किती महिन्यांचा?

24 महिन्यांचा करार केला तर दर 20,500 पर्यंत उतरेल, असं समजा. पण चौदाव्या महिन्यात बदली आली आणि मुदतीपूर्वी सोडण्याचा दंड तीन महिन्यांचं भाडं असेल, तर 2,87,000 अधिक 61,500, म्हणजे 3,48,500 जातील. 12 महिन्यांचा करार करून पुढे त्याच दराने वाढवला असता, तर 3,08,000. ज्याचा मुक्काम अनिश्चित आहे त्याने छोटा करार घ्यावा, असं माझं मत. मात्र मुदतवाढीचा दर आजच लेखी घ्या. काही करारांत दंडाऐवजी लांब आणि छोट्या मुदतीच्या दरांतला फरक पहिल्या महिन्यापासून मोजून वसूल करतात, तेही विचारा.

‘विमा समाविष्ट’ म्हणजे नेमकं काय

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात कुठपर्यंत आलं होतं, हे इथे सांगायला नको. साध्या पॅकेज पॉलिसीत पुराने झालेलं नुकसान धरतात. पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेलात आणि पाणी आत जाऊन इंजिन जाम झालं, तर तो दावा सहसा नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर लागतं. सबस्क्रिप्शन कंपनीकडून पॉलिसीची प्रत मागा आणि त्यात हे कव्हर आणि झिरो डेप, म्हणजे दाव्यात पार्ट्सचा घसारा न कापणारं कव्हर, आहे का, ते पाहा. नसेल तर इंजिनचं बिल करारानुसार तुमच्या माथी येऊ शकतं. दर दाव्याला तुमच्या खिशातून किती जाणार आणि गाडी महिनाभर वर्कशॉपमध्ये पडली तर भाडं चालू राहणार का, हे दोन प्रश्नही विचारा. तोवर दुसरी गाडी देण्याचं आश्वासन मुंबई-पुण्यात खरं ठरतं. चिपळूणचा पिनकोड सांगून विचारल्यावर उत्तर बदलू शकतं.

गंज आणि परतीची तपासणी

मेंटेनन्समध्ये ठरलेलं सर्व्हिसिंग येतं. खाऱ्या हवेने खालून धरलेला गंज किंवा जांभ्याच्या रस्त्यावर खरवडलेला बंपर त्यात येतो असं गृहीत धरू नका. परत देताना त्याचे पैसे मागितले जाऊ शकतात. गाडी ताब्यात घेताच जवळच्या गॅरेजमध्ये रॅम्पवर चढवून खालचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी कंपनीला मेल करा. ‘नेहमीची झीज’ म्हणजे काय, याची यादी मागा. मुरुड-कर्द्याच्या वाळूत गाडी उतरवण्याची हौस तर भाड्याच्या गाडीने मुळीच करू नका.

पाटीचा रंग

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर गाडी भाड्याच्या परवान्यावरची आहे. गोव्यात न्यायची असेल तर परमिट आणि टॅक्स कोण बघणार, ते ठरवा. पांढरी पाटी असेल तर गाडी बहुधा तुमच्या नावावर आणि बोजा कंपनीचा. बदली महाराष्ट्रातच झाली तर 30 दिवसांत पत्ता कळवला की भागतं. पण 12 महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवायची झाल्यास तिथे नव्याने नोंदणी लागते, आणि एनओसीसाठी कंपनीचीही संमती लागते.

दोन्ही पर्याय जड वाटले तर तिसरा बघा. तीन वर्षं वापरलेली गाडी 4,50,000 ला घेतली आणि दीड वर्षाने 3,70,000 ला विकली, तर तोटा 80,000 चाच. विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि व्याज धरूनही ती वरच्या दोन्ही आकड्यांच्या बरीच खाली राहते. मात्र घेण्यापूर्वी ती पुरातून गेलेली नाही ना, हे बघा: सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की आतल्या टोकाला चिखलाचा डाग दिसतो, आणि सीटखालचे बोल्ट गंजलेले असतात.