कॉपरच्या स्पेक्ट्रममधला शोल्डर: या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या कॉलेजांत टी.वाय.च्या प्रॅक्टिकलला मोरचुदाच्या द्रावणाचा स्पेक्ट्रम काढतात. आलेख निघतो, पण त्यातल्या शोल्डरचा, म्हणजे शिखराच्या बाजूच्या उंचवट्याचा, आणि त्यामागच्या यान-टेलर विकृतीचा अर्थ लावताना गडबड होते.

पहिली चूक विकृतीच्या कारणातच होते. 'eg मध्ये तीन इलेक्ट्रॉन, म्हणून विकृती' एवढंच लिहून मुलं थांबतात. मुद्दा असा, की हे तीन इलेक्ट्रॉन dz² आणि dx²−y² मध्ये दोन प्रकारे बसू शकतात आणि नियमित अष्टफलकात दोन्ही रचनांची ऊर्जा सारखीच असते. dz² मध्ये दोन बसले, तर z अक्षावरचे लिगंड दूर सरकतात. मग dz² खाली येतं आणि dx²−y² तेवढंच वर जातं. दोन इलेक्ट्रॉन खाली, एक वर, म्हणजे निव्वळ फायदा एका इलेक्ट्रॉनचा. या दोघांतलं अंतर δ धरलं, तर फायदा δ/२. मोरचुदाच्या स्फटिकात हे मोजता येतं: पाण्याचे चार ऑक्सिजन साधारण १.९६ Å वर आणि सल्फेटचे दोन सुमारे २.४ Å वर.

आता स्पेक्ट्रम. ०.०५ M द्रावण १ सेंमी क्युव्हेटमध्ये घेतलं, तर ॲब्सॉर्बन्स ६०० नॅनोमीटरपासून चढत जातो आणि ८१० च्या आसपास ०.६ च्या जवळ शिखर येतं. कलरिमीटर ७०० लाच संपतो, म्हणून तिथला आकडा λmax म्हणून लिहू नका. आलेख अजून चढतोच आहे. स्कॅन ११०० पर्यंत न्या. शिखराच्या पुढे वक्र सावकाश उतरतो, दोन्ही बाजू सारख्या नसतात. विकृतीमुळे dx²−y² कडे तीन वेगवेगळी संक्रमणं होतात: dz² पासून, dxy पासून आणि dxz-dyz च्या जोडीपासून. ती एकमेकांवर चढलेली असल्यामुळे एकच रुंद पट्टा दिसतो. म्हणून १०⁷/८१० ≈ १२,३५० सेंमी⁻¹ ला थेट 10Dq म्हणणं बरोबर नाही. 10Dq फक्त dxy च्या संक्रमणाचं.

सगळ्यात फसवी चूक ब्लँकची. ब्लँक म्हणून रिकामी क्युव्हेट ठेवली, तर ९७५ नॅनोमीटरजवळ एक उंचवटा उठतो आणि मुलं आनंदाने 'यान-टेलर शोल्डर' लिहून मोकळी होतात. तो पाण्याचा असतो. १ सेंमी पाणीच तिथे जवळपास ०.२ ॲब्सॉर्बन्स देतं. खात्री करायची, तर नुसतं डिस्टिल्ड पाणी रिकाम्या क्युव्हेटसमोर चालवा. उंचवटा तसाच आला, तर ब्लँकला डिस्टिल्ड पाणी घेऊन स्कॅन पुन्हा करा.

व्हायव्हात [Ti(H₂O)₆]³⁺ चं उदाहरण सर्रास दिलं जातं. त्याच्या २०,३०० सेंमी⁻¹ च्या पट्ट्यालाही शोल्डर असतो, पण तिथे दुभंगते ती उत्तेजित अवस्था, कारण इलेक्ट्रॉन वर जाऊन eg मध्ये पोहोचतो. कॉपरमध्ये मूळ अवस्थाच दुभंगलेली असते.